आई-वडिलांची औषधे, रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या भेटी यांची नोंदवही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी माझ्या आईवडिलांच्या औषधपाण्याची नोंदवही ठेवत आहे. तिचा नमुना नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना दिल्यापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. औषधाचा डोस, तो कधी घ्यायचा आणि तपासणी कधी करायची हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. ते ठरल्यानंतर काहीही अधांतरी राहू नये, एवढ्यापुरतीच ही नोंदवही आहे.

1. नोंदवहीत नेमके काय लिहायचे? डॉक्टरांची फाइल तर आहेच.

फाइलमध्ये झालेल्या गोष्टी असतात आणि नोंदवहीत राहिलेल्या. फाइल चाळून मागच्या भेटीत काय ठरले ते कळते, परंतु ठरलेल्यापैकी काय अजून व्हायचे आहे, हे तिच्यात कोणत्याही एका पानावर सापडत नाही.

मी तीन पाने ठेवतो. औषधांच्या पानावर प्रत्येक औषधाची एक ओळ असते: औषधातील मूळ घटक, पाकिटावरचे नाव, ताकद, रोज किती, कोणत्या डॉक्टरांनी दिले, चिठ्ठीची तारीख, गोळ्या मोजल्याची तारीख, त्या दिवशीची शिल्लक आणि पहिला रिकामा दिवस. तपासण्यांच्या पानावर कोणती तपासणी, कोणी सांगितली, कधीपर्यंत करायची आणि ती कोणत्या टप्प्यावर आहे, हे असते. भेटींच्या पानावर तारीख, डॉक्टर, सोबत न्यायचे रिपोर्ट आणि विचारायचे प्रश्न असतात. याहून अधिक रकाने केले तर पंधरा दिवसांत वही भरणे बंद पडते, असा माझा अनुभव आहे.

2. औषध कोणत्या तारखेला संपेल, हे कसे काढायचे?

औषध आणल्याच्या तारखेवरून हिशेब करू नये, कारण घरात आधीच्या पट्टीतील गोळ्या उरलेल्या असतात आणि एखादा डोस चुकलेलाही असतो. गोळ्या प्रत्यक्ष मोजाव्यात आणि त्यासाठी सकाळची गोळी देण्यापूर्वीची वेळ ठरवून ठेवावी. 4 ऑगस्टच्या सकाळी रक्तदाबाच्या 37 गोळ्या शिल्लक असतील आणि रोज एक गोळी असेल, तर शेवटची गोळी 9 सप्टेंबरला जाते आणि 10 सप्टेंबर हा पहिला रिकामा दिवस ठरतो. मी वहीत नेहमी हा रिकामा दिवस लिहितो. ‘9 तारखेपर्यंत पुरेल’ असे लिहिले की वाचणाऱ्याला 9 तारखेलाही वेळ आहे असे वाटते.

संगणकावर तक्ता ठेवत असाल तर डी रकान्यात मोजल्याची तारीख, ई मध्ये शिल्लक आणि एफ मध्ये रोजच्या गोळ्या लिहून पुढील सूत्र वापरावे. अर्ध्या गोळीसाठी 0.5 लिहावे.

```
=D2+INT(E2/F2)
```

पूर्ण डोस ज्या दिवशी पुरणार नाही, तो पहिला दिवस या सूत्राने मिळतो. एका पट्टीत 10 गोळ्या असतात असे गृहीत धरू नये, कारण 14 किंवा 15 गोळ्यांच्या पट्ट्याही सर्रास मिळतात आणि थायरॉइडच्या गोळ्या अनेकदा बाटलीतून येतात.

3. रिकाम्या दिवसाच्या किती आधी औषध मागवावे?

जवळच्या मेडिकलमध्ये नेहमी मिळणाऱ्या औषधासाठी मी 7 दिवस धरतो. जे औषध दुकानदाराला मागवावे लागते किंवा शहरातून आणावे लागते, त्यासाठी 15 दिवस धरतो. गणपती किंवा दिवाळी मध्ये येत असेल तर आणखी 4–5 दिवस वाढवतो, कारण त्या दिवसांत दुकान उघडे असले तरी त्याचा पुरवठादार बंद असू शकतो. मात्र चिठ्ठीच नवी लागणार असेल, तर हा हिशेब पुरत नाही. त्यासाठी प्रश्न 5 आणि 9 पाहावेत.

4. रिपोर्ट मोबाइलवर आला की ती नोंद खोडायची का?

खोडू नये. सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. लॅबचा रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर येतो, तो ‘आला’ म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो, सर्व जण अंगठा दाखवतात आणि डॉक्टरांनी तो पाहिलेलाच नसतो.

तपासणीचे मी पाच टप्पे करतो: सांगितली, नमुना दिला, रिपोर्ट आला, डॉक्टरांनी पाहिला, त्यांनी सांगितलेला बदल घरात लागू झाला. पाचव्या टप्प्यावर तारीख पडल्यावरच ओळ खोडायची. ‘काही बदल नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले असेल तर तेही तारखेसह लिहावे, नाहीतर दोन महिन्यांनी कोणालाही आठवत नाही की बदल नव्हता की विचारायचेच राहिले होते. बदल लागू होणे म्हणजे औषधांच्या पानावरील ओळ दुरुस्त होणे, गोळ्यांच्या डबीतील गोळी बदलणे आणि जुनी पट्टी कपाटातून बाजूला काढणे. या तीनपैकी एक जरी राहिले, तरी आई पुढच्या सोमवारी जुनीच गोळी घेते.

काही रिपोर्ट दोनदा येतात. लघवीच्या कल्चरचा प्राथमिक रिपोर्ट आधी येतो आणि कोणते अँटिबायोटिक चालेल हे सांगणारा अंतिम रिपोर्ट साधारणपणे 2–3 दिवसांनी मिळतो. अशा तपासणीची ओळ पहिल्या कागदावर पुढे सरकवू नये. कागदावर ‘प्राथमिक’ की ‘अंतिम’ काय छापले आहे, ते पाहावे.

5. औषध, तपासणी आणि भेट यांच्या तारखा एकमेकींशी जुळत नसतील तर काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून एक पूर्ण उदाहरण घेतो. 74 वर्षांच्या आईला मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइडचा त्रास आहे. 28 जुलैच्या भेटीत डॉक्टरांनी थायरॉइडच्या गोळीचा डोस 50 मायक्रोग्रॅमवरून 75 केला, पुढील भेट 10 सप्टेंबरला ठेवली आणि येताना टीएसएच व तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, करून आणायला सांगितले. रक्तदाबाच्या गोळ्यांचा पहिला रिकामा दिवस, वर काढल्याप्रमाणे, 10 सप्टेंबरच आहे. कागदावर सर्व काही जुळलेले दिसते.

आता भेटीच्या तारखेपासून मागे मोजत जावे. थायरॉइडचा डोस बदलल्यानंतर टीएसएच स्थिर व्हायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात आणि त्याआधी केलेल्या तपासणीवरून नवा डोस पुरेसा आहे की नाही ते सांगता येत नाही. 28 जुलैनंतर 6 आठवडे 8 सप्टेंबरला पूर्ण होतात. म्हणजे 8 तारखेच्या सकाळी रक्त द्यायचे, त्याच संध्याकाळी किंवा 9 तारखेला रिपोर्ट यायचा आणि 10 तारखेला डॉक्टरांपुढे ठेवायचा. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा 8 तारखेला आला नाही, किंवा नमुना खराब झाला म्हणून पुन्हा द्यावा लागला, तर आई रिपोर्टशिवायच दवाखान्यात पोहोचते आणि पुन्हा फेरी पडते. शिवाय रक्तदाबाची चिठ्ठी त्याच दिवशी मिळणार आणि गोळी मात्र त्याच सकाळी हवी.

मी येथे दोन गोष्टी करीन. पहिली म्हणजे, दवाखान्यात फोन करून ‘टीएसएचला 6 आठवडे 8 तारखेला पूर्ण होतात, तर भेट 15 सप्टेंबरला घेतली तर चालेल का’ असे विचारीन. 15 तारखेला डोस बदलून 7 आठवडे होतात, रक्त 10 तारखेला देता येते आणि काही चुकले तरी 4–5 दिवस हाताशी राहतात. एचबीएवनसीला पाच दिवसांच्या फरकाने काही बाधा येत नाही, कारण ती मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. दुसरी गोष्ट म्हणजे, भेट पुढे जाताच रक्तदाबाच्या गोळ्यांचे 10 ते 15 सप्टेंबर हे दिवस उघडे पडतात. त्यामुळे त्याच फोनवर जुन्या चिठ्ठीवर आणखी दोन पट्ट्या आणू का, हे विचारून 3 सप्टेंबरपर्यंत त्या घरात आणीन.

भेटीची तारीख हलली की औषधांचे पान पुन्हा तपासायचे, हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

6. मोजलेल्या गोळ्या आणि वहीतील हिशेब जुळत नाहीत. चूक कोणाची धरायची?

चूक शोधण्यापूर्वी फरक कोणत्या बाजूचा आहे, ते पाहावे. हिशेबापेक्षा गोळ्या जास्त उरल्या असतील तर डोस चुकत आहेत. कमी उरल्या असतील तर एखादी गोळी दोनदा घेतली जात आहे, किंवा गोळ्या हरवत आहेत, किंवा डॉक्टरांनी वाढवलेला डोस वहीत चढवायचा राहिला आहे. महिन्यात एक-दोन गोळ्यांचा फरक मी लिहून ठेवतो आणि सोडून देतो. पाचपेक्षा जास्त फरक असेल तर वेळेनुसार पाहतो, कारण बहुतेकदा रात्रीच्याच गोळ्या उरतात: जेवण लवकर झाले, डोळा लागला आणि गोळी राहिली.

ही माहिती डॉक्टरांना आकड्यासह सांगावी. ‘रात्रीच्या 30 पैकी 9 गोळ्या उरल्या’ असे कळले तर रक्तदाब चढण्याचे कारण ते वेगळ्या ठिकाणी शोधतात. ते कळले नाही, तर न घेतलेल्या औषधाचा डोस वाढवला जाण्याची शक्यता असते आणि मग घरातील कोणी नेमाने गोळ्या देऊ लागले की रक्तदाब एकदम खाली येतो.

7. इन्सुलिनचा हिशेब गोळ्यांसारखाच करायचा का?

त्यात दोन फरक आहेत. 3 मिलिलिटरच्या पेनमध्ये साधारणपणे 300 युनिट असतात, परंतु प्रत्येक वेळी टोचण्याआधी सुई चालते की नाही हे पाहण्यासाठी सुमारे 2 युनिट वाया जातात. रात्री 14 युनिटचा डोस असेल तर रोजचा खर्च 16 धरावा. 300 युनिट 21 दिवस पुरतील असे वाटते, प्रत्यक्षात पूर्ण डोस 18 दिवसच मिळतो.

दुसरा फरक उलट दिशेचा आहे. डोस लहान असेल, समजा 8 युनिट, तर 2 युनिट धरूनही पेन 30 दिवस पुरते. परंतु वापरायला काढलेले पेन पुष्कळ प्रकारच्या इन्सुलिनमध्ये 28 दिवसांनंतर, आत इन्सुलिन शिल्लक असले तरी, टाकून द्यायचे असते. ही मुदत प्रकारानुसार बदलते, म्हणून आपल्या पेनसोबतचा कागद वाचावा. पेन उघडल्याची तारीख त्यावर चिकटपट्टी लावून लिहावी आणि दोन तारखांपैकी जी आधी येईल तीच वहीत चढवावी. न उघडलेली पेने 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात, त्यामुळे ती फार साठवू नयेत. वीज वारंवार जात असेल तर एकाच वेळी सर्व साठा खराब होऊ शकतो.

8. आठवड्यातून एकदा घ्यायचे किंवा रोज वेगवेगळ्या प्रमाणात घ्यायचे औषध कसे लिहावे?

आठवड्याच्या औषधापुढे वाराचे नाव अक्षरांत लिहावे: ‘फक्त रविवारी’. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध अशा पद्धतीने घेतात आणि ते चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते. म्हणून ते रोजच्या गोळ्यांच्या डबीत कधीही ठेवू नये. त्याचा साठा दिवसांत मोजण्याऐवजी रविवारांत मोजावा. एका वेळी 4 गोळ्या असतील आणि 12 शिल्लक असतील, तर तीन रविवार.

रक्त पातळ ठेवणाऱ्या अॅसेनोकुमॅरॉल किंवा वॉरफरिन या गोळ्यांचा डोस आयएनआर या तपासणीवर ठरतो आणि तो वारानुसार वेगळा असू शकतो. सोमवार ते शुक्रवार 2 मिलिग्रॅम आणि शनिवार-रविवार 3 मिलिग्रॅम असेल, तर आठवड्याचे 16 मिलिग्रॅम होतात, म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या 16 गोळ्या. या एका तपासणीसाठी प्रश्न 4 मधील टप्पे त्याच दिवशी पूर्ण करावेत. आयएनआरचा रिपोर्ट पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेवण्यासारखा नसतो, तो आला की फोन करून आकडा सांगावा आणि पुढील तपासणीची तारीख विचारूनच फोन ठेवावा.

9. केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर औषध देत नाही. फोनवर डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली तर चालते का?

केमिस्टशी वाद घालू नये. झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या शेड्यूल एच1 मध्ये येतात. त्यांच्या विक्रीची नोंद त्याला वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती 3 वर्षे जपून ठेवावी लागते.

25 मार्च 2020 रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून चिठ्ठी देऊ शकतात आणि आधीपासून चालू असलेली रक्तदाब-मधुमेहाची औषधे अशा प्रकारे पुढे चालू ठेवता येतात. मात्र चिठ्ठी द्यायची की प्रत्यक्ष बोलवायचे, हा निर्णय डॉक्टरांचा असतो. मनावर परिणाम करणाऱ्या गोळ्यांवर या सूचनांमध्ये बंधने आहेत, त्यामुळे त्या फोनवर मिळतील असे धरून चालू नये. वहीत अशा औषधापुढे मी ‘प्रत्यक्ष भेट’ असे लिहितो आणि भेटीची तारीख रिकाम्या दिवसाच्या निदान 10 दिवस आधीची घेतो. ही औषधे एकदम बंद झाली तर त्रास होतो, म्हणून येथे उधारीवर दिवस काढता येत नाहीत.

10. दोन डॉक्टरांची औषधे चालू आहेत. एकच औषध दोनदा जात नाही ना, हे कसे ओळखावे?

पाकिटावरच्या मोठ्या नावाऐवजी खाली बारीक अक्षरांत छापलेला मूळ घटक वाचावा. मी पाहिलेल्या एका घरात फॅमिली डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिले होते आणि हृदयरोगतज्ज्ञांनी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी दिली होती. नावे, रंग आणि डब्या वेगळ्या असल्यामुळे काकूंनी दोन्ही घेतल्या आणि सकाळी उठताना त्यांना भोवळ येऊ लागली. मिश्र गोळीसाठी वहीत प्रत्येक घटक वेगळा लिहावा. एकच घटक दोन ओळींत दिसला की स्वतः कोणतीही गोळी बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. जनऔषधी केंद्रातून औषध घेतल्यावर नाव बदलते, तेव्हाही हीच सवय उपयोगी पडते.

11. रुग्णालयातून घरी सोडल्यावर जुनी नोंद पुढे चालू ठेवावी का?

जुन्या औषधांच्या पानावर तिरकी रेघ मारावी आणि डिस्चार्ज कार्डावरून नवे पान करावे. मग दोन्ही पाने शेजारी ठेवून जुन्या प्रत्येक औषधासाठी विचारावे: हे चालू, बदललेले की बंद? कार्डावर नसलेले जुने औषध मुद्दाम बंद केले आहे की लिहायचे राहिले, हे कागदावरून समजत नाही. ते घरी येण्यापूर्वीच विचारून घ्यावे. ठरावीक दिवसांच्या अँटिबायोटिकपुढे शेवटची तारीख आणि ‘पुन्हा आणू नये’ असे लिहावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा विचारावा: ‘दाखल असताना पाठवलेल्या कोणत्या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचा आहे?’ माझ्या वडिलांना ताप उतरल्यावर घरी सोडले, तेव्हा लघवीच्या कल्चरचा अंतिम रिपोर्ट यायचा होता. तो दुसऱ्या दिवशी आला, रुग्णालयाच्या लॅबमध्ये पडून राहिला आणि आम्ही त्याबद्दल विचारलेच नाही. दिलेले अँटिबायोटिक त्या जंतूवर चालत नव्हते, हे आम्हाला आठवड्याने पुन्हा ताप भरल्यावर समजले. तेव्हापासून डिस्चार्जच्या दिवशी तपासण्यांच्या पानावर किमान एक ओळ भरल्याशिवाय मी बिलाच्या खिडकीकडे जात नाही. काहीच बाकी नसेल तर ‘बाकी नाही’ असे लिहून, ते सांगणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि वेळ लिहितो.

12. भाऊ अमेरिकेत आणि बहीण पुण्यात आहे. नोंदवही कोणी सांभाळायची?

तक्ता सर्वांना दिसावा, परंतु गोळ्या मोजण्याचे काम आई-वडिलांजवळ असलेल्या माणसाकडेच राहावे. दूरचा माणूस फोन करणे, वेळ घेणे, रिपोर्ट डॉक्टरांना पाठवणे ही कामे उत्तम करू शकतो. प्रत्येक उघड्या ओळीपुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहावे. दोन नावे लिहिली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने केले असेल.

तारखेतील महिना अक्षरांत लिहावा. भारतात 5/8 म्हणजे 5 ऑगस्ट, तर अमेरिकेत राहणारा भाऊ ती 8 मे वाचतो आणि त्याचा तक्ताही कदाचित तशीच समजतो.

13. तपासणीच्या सकाळी कोणती गोळी द्यायची, हे कोठे लिहावे?

तपासणीच्या ओळीतच लिहावे, कारण सकाळी सहा वाजता कोणी दुसरे पान उघडत नाही. एचबीएवनसीसाठी उपाशी राहावे लागत नाही, उपाशीपोटीच्या साखरेसाठी मात्र राहावे लागते. उपाशी असताना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन दिले आणि नमुना घेणारा उशिरा आला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ते औषध रक्त दिल्यानंतर नाश्त्याबरोबर द्यायचे का आणि थायरॉइडची गोळी केव्हा द्यायची, हे तपासणी सांगतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावे. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे, कारण त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

14. वडिलांना कोणी गोळ्या मोजलेल्या आवडत नाहीत. मग काय करावे?

माझ्या वडिलांनाही आवडत नसे. ते हिशेबनीस होते, म्हणून मी मोजणे त्यांच्याकडेच सोपवले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते स्वतः मोजून आकडे सांगतात आणि मी लिहितो. त्यांचा आकडा आणि माझा अंदाज यांत फरक पडला तर मी त्यांच्यासमोर पुन्हा मोजत नाही. प्रश्न 6 मध्ये लिहिल्याप्रमाणे फरक किती आहे ते पाहतो आणि गरज वाटली तर ते झोपल्यावर रात्रीची डबी उघडून बघतो.